गळती एकतीस टक्के

अल्पेशभाईंनी बँकेतून आल्या आल्या पेढ्यांचा बॉक्स स्वप्नाच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "स्वप्नाबेन, तुमच्या गळतीने आपलं काम केलं."

कामणच्या त्या पॅकिंगच्या शेडमध्ये 'गळती' म्हटलं की लोक आधी पत्र्याकडे बघायचे. पण शेठ बोलत होते ते माणसांच्या गळतीविषयी. नवी शेड बांधायला बँकेचं कर्ज हवं होतं, आणि बँकेने विचारलं होतं, येत्या तीन वर्षांत किती माणसं घेणार, पगारावर किती खर्च होणार, तो कागद द्या. तो कागद स्वप्नाने केला होता. दोनशे माणसांपासून सुरुवात, दरवर्षी वीसची भर, तिसऱ्या वर्षाअखेर दोनशे साठ. जुन्यांना दरवर्षी आठ टक्के वाढ. नवा माणूस चौदा हजारांवर घ्यायचा, पुढे तो आकडाही वर्षाला पाच टक्क्यांनी वाढवायचा. एक माणूस शोधून, तपासून, शिकवून उभा करायला पाच हजार. आणि या सगळ्याच्या मुळाशी एक आकडा: वर्षाला किती जण सोडून जातात. गेल्या वर्षी दोनशेतले बासष्ट गेले होते. एकतीस टक्के.

हा आकडा मोठा असला की भरतीचा खर्च वाढतो, पण पगाराचा बोजा हलका होतो. अठरा हजारांचा जुना माणूस जातो, त्याच्या जागी चौदाचा नवा येतो. म्हणूनच स्वप्नाच्या कागदावर माणसं वाढत होती आणि पगार मात्र शहाण्या मुलासारखा हळूहळू वाढत होता. बँकेला तो कागद आवडला. कर्ज मंजूर करताना त्यांनी एकच अट घातली, दर तिमाहीला खरा पगार या कागदाशी ताडून दाखवायचा.

"आता माझं कायम व्हायचं बघा ना, शेठ," स्वप्ना धीर करून म्हणाली.

"बघू की. पहिली तिमाही जुळू द्या. जुळली की सप्टेंबरमध्ये पत्र तुमच्या हातात. माझा शब्द."

स्वप्ना मूळची कऱ्हाडकडची. लग्न होऊन विरारला मनवेलपाड्यात आली त्याला सहा वर्षं झाली होती. त्या सहा वर्षांत दोन नोकऱ्या झाल्या आणि दोन्ही ठिकाणी कायम व्हायच्या तोंडावर तिला नारळ मिळाला. एकदा मालकाची भाची आली, एकदा खातंच बंद झालं. सासूबाई, मनोरमाबाई, वाईट नव्हत्या, पण बोलायच्या.

"काय ग, पेढे कसले? झालीस कायम?"

"नाही आई. सप्टेंबरमध्ये."

"हां. म्हणजे पेढे आधी, नोकरी मागून. वेदांतच्या वेळी असं नव्हतं हो. आधी पत्र, मग पेढे."

तिचा नवरा वेदांत मोबाइलमधून डोकं वर न काढता हसला. स्वप्नाने बॉक्स फ्रीजमध्ये ठेवला.

जून उजाडला आणि जून ते ऑगस्टच्या पहिल्या तिमाहीचा कागद आखायला बसल्यावर तिने एप्रिल-मेचे आकडे काढले. तिच्या हिशेबाने महिन्याला पाच माणसं जायला हवी होती. एप्रिलमध्ये एक गेला, मेमध्ये दोन. एप्रिलची वाढ मात्र झाडून सगळ्यांना मिळाली होती. पगार कागदापेक्षा वर चालला होता, आणि दर महिन्याला आणखी वर जाणार हे उघड होतं. माणसं जागची हलतच नव्हती.

तिने गेल्या वर्षीची बासष्ट नावं पुन्हा काढली. नाव, नंबर, सोडल्याची तारीख, कारण. कारणाच्या रकान्यात चव्वेचाळीस जणींपुढे एकच अक्षर होतं: 'आ.' कागद करताना तिने त्याचा अर्थ लावला होता, आपखुशीने. मागच्या दोन्ही कंपन्यांत तसंच लिहीत. स्वतःहून गेले, भांडण नाही, तक्रार नाही. तिला त्यात विचारण्यासारखं काही वाटलंच नव्हतं.

आता तिने त्या नावांसमोर पीएफचे क्रमांक लावून पाहिले. कंपनीचा नंबर बदलतो, पण पीएफचा क्रमांक माणसाबरोबर जन्मभर राहतो. बायजा घरत जुलैत गेली होती. तोच पीएफ क्रमांक ऑगस्टमध्ये नव्या नंबरवर परत हजर. त्याच्या आदल्या वर्षीही तसंच. त्याच्या आदल्या वर्षीही. चव्वेचाळीसच्या चव्वेचाळीस जणी तशाच.

टाइम ऑफिसात प्रल्हादकाका बसायचे. उमेळ्याचे, शेठच्या वडिलांच्या काळापासूनचे. हजेरी आणि नावं चढवणं-उतरवणं त्यांच्याकडे.

"काका, हे 'आ.' म्हणजे काय?"

"आवणी."

"म्हणजे?"

काकांनी चष्मा कपाळावर चढवला. "तुमच्या देशावर काय म्हणतात? भाताची रोपं उपटून चिखलात लावायची, ती. या आसपासच्या गावांतल्या बायका जुलैत आवणीला जातात. महिना-दीड महिना. मोठ्या शेठनी पद्धत पाडली, गेली की नाव कापायचं, आली की नवा नंबर. सलग नोकरी भरायला नको."

"आणि पगार?"

"तो जुनाच. मोठे शेठ म्हणायचे, नंबर नवा, भाव जुना. त्याच्यावर तर बायका टिकल्या. तुम्हाला काय वाटलं?"

"आपखुशीने."

प्रल्हादकाका इतके हसले की त्यांना ठसका लागला. "आपखुशीने! अहो, आपखुशीने इथून कोण जातंय? जाणार कुठे?" मग तिचा चेहरा बघून ते थांबले. "बँकेला गेलं का हे?"

"गेलं."

"अरे देवा," असं म्हणून त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर ओढला आणि हजेरीत तोंड घातलं.

स्वप्नाने हिशेब नव्याने मांडला. खरोखर सोडून जाणारे अठरा. नऊ टक्के. चव्वेचाळीस बायका चौदा हजारांवर नव्हे, वाढीव जुन्या भावावरच परतणार. डोकी तेवढीच, पण वर्षाअखेर पगार महिन्याला दोन लाख चाळीस हजारांनी जास्त. चव्वेचाळीस जणींच्या भरतीचा खर्च वाचेल, तो सारा मिळून वर्षाला दोन लाख वीस हजार. म्हणजे एका महिन्याचीही भरपाई नाही. आणि गळतीची ही चूक दरवर्षी मागच्या चुकीवर चढत जाणारी. तिसऱ्या वर्षाअखेर तफावत महिन्याला जवळपास सहा लाखांवर जात होती.

दोन दिवस तिने कुणाला सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी जेवणाचा डबा तसाच बंद ठेवून ती शेठच्या केबिनमध्ये गेली आणि सगळं सांगून टाकलं. आपल्याला आत्ताच्या आत्ता काढतील, अशी तिची खात्री होती.

अल्पेशभाई ओरडले नाहीत. ते कधीच ओरडत नसत. त्यांनी खुर्ची मागे रेलली.

"म्हणजे प्रॉब्लेम हा आहे की आपल्याकडून माणसं जात नाहीत."

"हो."

"बँकेला काय सांगू मी? साहेब, माफ करा, आमची माणसं सुखी आहेत?" ते स्वतःच हसले. "घरी बायकोला सांगितलं तर तीपण हसेल. बेन, कागद चुकला तर कागद बदलतात. पण हा कागद आता बँकेचा झाला. तो बदलला तर हप्ता अडकेल, नवी शेड अडकेल, दिवाळीची ऑर्डर दुसऱ्याकडे जाईल. मग काय बदलायचं?"

स्वप्नाने हातातला हिशेब पुन्हा उलटून पाहिला.

"बोला ना. शिकलेल्या आहात."

"मला नाही समजलं, शेठ."

"कागदात लिहिलंय चव्वेचाळीस जणी जातात. जाऊ दे. कागदात कुठे लिहिलंय की परत येतात? ऑगस्टमध्ये गेट बंद. नव्या पोरी घेऊ, चौदावर. कागद बरोबर, तुम्ही बरोबर, मी बरोबर."

तिला बायजा आठवली. रिबनची गाठ डोळे मिटून मारणारी, नव्या पोरींच्या हातावर टपली मारून "असं नाय ग बाय, असं" म्हणणारी. तेरा वर्षं झाली होती तिला तिथे. तिचा पगार एकवीस हजारांवर गेला होता. ती आणि तिच्यासारख्या त्रेचाळीस जणी ऐन भाद्रपदाच्या तोंडावर रस्त्यावर. आणि ते आपल्या एका अक्षरामुळे.

त्या घटकेला स्वप्नाने जे सुचवलं ते तिने चांगल्या मनाने सुचवलं. पुढे कितीतरी दिवस ती स्वतःला हेच सांगत राहिली.

"शेठ, गेट बंद करू नका. दिवाळीच्या तोंडावर चव्वेचाळीस नव्या पोरी कुठून आणायच्या? माणशी पाच हजार म्हणजे सव्वादोन लाख तिथेच गेले. शिवाय हात बसेपर्यंत महिनाभर माल खराब. त्यापेक्षा यांनाच घ्या. फक्त..." ती अडखळली.

"फक्त?"

"फक्त नव्या भावाने. चौदा हजारांवर. नंबर नवा असतोच. कागदाप्रमाणे त्या नव्याच."

 अल्पेशभाईंनी सावकाश टाळी वाजवल्यासारखे दोन्ही हात जुळवले.

"भरतीचा खर्च शून्य. शिकवायचा खर्च शून्य. आणि पगार चौदा." ते म्हणाले, "हे तुम्ही बोललात हं, बेन. मी तर नुसतं गेट बंद करत होतो."

ती उठली, तेव्हा ते पुन्हा म्हणाले, "आणि हो. आधी कोणाला सांगायचं नाही. सांगितलं तर जातील का त्या? आणि गेल्या नाहीत तर नाव कसं कापणार? आधी जाऊ देत."

ते तिच्या लक्षातच आलं नव्हतं. तिने केलेल्या दयेसाठी त्या बायकांनी आधी जाणं आवश्यक होतं.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात एका दुपारी बायजा तिच्या टेबलाशी येऊन उभी राहिली. पदराने हात पुसत होती. मागे दोन-तीन जणी घुटमळत होत्या.

"बाय, एक इचारू?"

"विचारा ना, मावशी."

"यंदा आवनीला जाऊ का नको?"

स्वप्नाने संगणकावरून नजर काढली नाही. "का हो?"

"गुडघा वाकत नाय आता. पानी लागतं गुडघाभर, दिसभर वाकून ऱ्हावं लागतं. सून बोलते, तुमी नका येऊ, मी दोन बायका लावते मजुरीला. मला पन वाटतं, न जावं. दर साल नाव कापतात, परत चढवतात, नवा कार्ड, नवा फोटू. या पोरी बोलतात, बायजा नाय गेली तर आमीपन नाय जात. घरची मानसं करतील. म्हनून बोललं, आफिसात इचारून यावं. न गेलं तर चालंल ना?"

मागच्यांतली एक हसून म्हणाली, "हिला काय, हिला शेठनी खुर्ची द्यायला पायजे आता. आवनी कसली करते!"

"गप ग. तुला काय कलतंय." बायजाने तिला दटावलं आणि पुन्हा स्वप्नाकडे वळली. तिच्या तोंडावर काळजी नव्हती. ऑफिसातली बाई सांगेल ते आपल्या भल्याचंच असेल, अशा निवांतपणे ती उभी होती.

स्वप्नाच्या मनात आलं, सांगावं. जाऊ नका, एवढंच. ही गेली नाही तर एकही जाणार नाही. चव्वेचाळीसचा आकडा फसेल, बँकेचा कागद फसेल, सप्टेंबरचं पत्र जाईल. तिसऱ्यांदा. मनोरमाबाई काही बोलणारही नाहीत. नुसता फ्रीज उघडून बंद करतील.

काचेपलीकडून अल्पेशभाई फोनवर बोलत होते. त्यांचं इकडे लक्ष नव्हतं. तेवढंही निमित्त तिला मिळालं नाही.

"असं कसं, मावशी," ती म्हणाली. तिचा आवाज तिला स्वतःलाच गोड वाटला. "शेत आपलं ते आपलं. मजुरीच्या बायका काय जीव लावून करणार आहेत? जाऊन या. नुसतं बांधावर उभं राहिलात तरी फरक पडतो. इथलं काम कुठे जातंय?"

"मंग जाऊ?"

"जा. सगळ्याच जा. दरवर्षीसारखं."

"बघा ग, बाय बोलली," बायजा मागे वळून म्हणाली. "चला आता, नायतर घरचे पन बोलतील, शेरात जाऊन म्हातारी आळशी झाली."

जुलैच्या पहिल्या आठवड्यात चव्वेचाळीस नावं कापली गेली. या खेपेला कारणाचा रकाना स्वप्नाने स्वतः भरला. 'आ.' न लिहिता तिने पूर्ण शब्द लिहिला: आपखुशीने.

ऑगस्टच्या मध्यावर बायका परतल्या. पायांना चिखल्या झालेल्या, हात कापलेले, पण हसत-खिदळत. गेटवर त्यांना थांबवलं गेलं. नवा भाव सांगायचं काम प्रल्हादकाकांचं होतं, पण त्यांनी स्वप्नाला आदल्या दिवशीच सांगून टाकलं होतं, "हे तुम्ही सांगा. मला याच रस्त्याने घरी जायचं असतं."

स्वप्नाने सांगितलं. नवी पद्धत आहे, बँकेची अट आहे, सगळ्यांना चौदा हजार. बोलताना तिने बायजाकडे बघितलं नाही.

आधी कुणाला काही कळलं नाही. मग एकदम गलका झाला. "चौदा म्हंजे? मला अठरा हाय!" "गेल्या साली तर जुनाच भाव दिलावता!" एक तरुण पोर म्हणाली, "चला ग, दुसऱ्या गोडावनात जाऊ," आणि तरातरा रस्त्यापर्यंत गेली. रस्त्यावर जाऊन थांबली. दुसऱ्या गोडाउनातही नव्या माणसाला चौदाच होते, हे तिलाही ठाऊक होतं. थोड्या वेळाने ती परत येऊन रांगेच्या शेवटी उभी राहिली.

 नवा फोटो काढताना बायजाने पदर नीट केला, कॅमेऱ्याकडे पाहिलं, आणि नव्या कार्डावर सही केली. नुकतं आलेलं माणूस करतं तशी, जरा जपून.

त्या दिवशी संध्याकाळी ती पुन्हा टेबलाशी आली. स्वप्नाने समोरची फाइल मिटली. आता विचारणार. तुला ठाऊक होतं ना, म्हणून विचारणार.

बायजाने पिशवी टेबलावर ठेवली. आत कंटोळी होती, हिरवीगार, काटेरी, ताजी.

"तुमच्यासाठी काढली. रानातली हायेत."

"मावशी, कशाला..."

"घ्या हो. पल्हादभाव बोलले आमाला. शेठ गेट लावनार होता, बाय मधी पडली म्हनून आपन आत हाव." तिने स्वप्नाच्या हातावर आपला हात ठेवला. चिखलाने फाटलेला, खरखरीत हात. "तुमी नसत्या तर पोरी रस्त्यावर होत्या. पैका काय, कमी-जास्त होतो. दिवालीला परत जुना भाव देतील ना?"

"बघू," स्वप्ना म्हणाली.

"बघाच तुमी. तुमचं ऐकतो शेठ."

घरी मनोरमाबाईंनी कंटोळ्यांची भाजी केली. कांदा घालून, जरा तिखट. वेदांतने दोनदा मागून घेतली. "कोणी दिली?" त्याने विचारलं. "ऑफिसातल्या एका बाईंनी," स्वप्ना म्हणाली. तिनेही खाल्ली. चांगली झाली होती.

तिमाहीचा कागद बँकेत गेला. जूनपर्यंतचं थोडं वर होतं, पण ऑगस्टचा पगार रेषेवर आला होता आणि भरतीचा खर्च ठरवल्यापेक्षा कितीतरी खाली. बँकेच्या साहेबांनी फोन करून विचारलं म्हणे, हे कसं जमवलंत?

सप्टेंबरमध्ये अल्पेशभाईंनी स्वप्नाला केबिनमध्ये बोलावलं. पाकीट हातात दिलं. ती कायम झाली होती. पगारातही वाढ होती. तिने आभार मानले, डोळ्यांत पाणी आलं ते खरंच आनंदाचं होतं.

"बसा बसा," शेठ म्हणाले. त्यांच्या टेबलावर तिचा तोच कागद उघडा होता. त्यांनी दुसऱ्या वर्षाच्या रकान्यावर बोट ठेवलं. "दोनशे वीसचे एकतीस टक्के. किती होतात?"

"अडुसष्ट."

"आणि आवणीवाल्या?"

"चव्वेचाळीस. पण शेठ, पुढच्या वर्षी त्या..."

"जातील. जाऊन येणं सवयीचं झालंय, जातील. आणि नाही गेल्या तर तुम्ही आहातच समजवायला. तुमचं ऐकतात." त्यांनी कागद तिच्याकडे सरकवला. "पण त्या गेल्या आणि खरोखर सोडणारे वीसेक धरले, तरी चार-पाच कमी पडतात. ते बघा. घाई नाही. आता तुम्ही कायम आहात, वेळच वेळ आहे."

बाहेर आल्यावर तिने पाकीट पर्समध्ये ठेवलं. वेदांतला फोन लावला, सासूबाईंना बातमी सांगितली. मनोरमाबाई म्हणाल्या, "आता आण पेढे. आता खाते मी." ऐकून तिला हसू आलं.

मग ती शेडमध्ये गेली. दुसऱ्या रांगेत हेमांगी लेबलं लावत होती. तीन वर्षांची जुनी पोर, कोकणातली, हात विजेसारखा चालायचा. पगार सतरा हजारांवर गेलेला. पलीकडच्या रांगेतून बायजाने तिला बघून हात केला. स्वप्नानेही केला, आणि ती हेमांगीशेजारच्या स्टुलावर बसली.

"गाव कुठलं ग तुझं?"

"गुहागर, मॅडम."

"गणपतीला गेलीस की नाही यंदा?"

"गेले ना. पण पाचच दिवस. सुट्टी कुठे मिळते जास्त?" हेमांगी लेबल चिकटवता चिकटवता हसली.

"पाचच?" स्वप्ना तिच्याजवळ सरकत हळूच म्हणाली. "अग, इतक्या लांब जायचं आणि पाच दिवसांत परत? पुढच्या वर्षी चांगली महिनाभर राहून ये. मी बघते."

हेमांगीचे हात थांबले. ती विश्वास न बसल्यासारखी बघत राहिली.

"खरंच, मॅडम?"